स्नेहसंमेलनाचं निवेदन: मुक्ता (नववी अ) आणि ओंकार (नववी ब)

(दोघांसाठी बाईंची सूचना: हे शब्दशः पाठ करू नका. मुद्दा लक्षात ठेवा आणि आपल्या शब्दांत बोला. साल आणि आकडे मात्र जसेच्या तसे. विनोद सांगून झाला की स्वतः हसायचं नाही. ओंकार, हे तुझ्यासाठी आहे.)

(संध्याकाळी साडेपाच. पडदा बंद. दोघं पडद्यापुढे, डाव्या माइकशी.)

मुक्ता: नमस्कार! पालक, आजी-आजोबा, शिक्षक, आणि मागच्या रांगेत उभे राहून 'बसायला जागा आहे का' असं विचारणारे काका, सगळ्यांचं मनापासून स्वागत.

ओंकार: काका, तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या आहेत. त्यांवर रुमाल टाकलेत खरे, पण रुमालवाले अजून गेटबाहेर सेव उसळ खातायत. या, बसा.

मुक्ता: ओंकार, सेव उसळीचं नाव इतक्या लवकर काढायचं नव्हतं. अडीच तासांचा कार्यक्रम आहे.

ओंकार: बरं, पुढच्या मुद्द्यावर येतो. मुक्ता, उत्तरायण होऊन आठवडाच झालाय. समोर बघ, निम्म्या लोकांच्या बोटांना पट्ट्या आहेत.

मुक्ता: म्हणजे टाळ्या जरा हळू पडतील.

ओंकार: अजिबात नाही! गच्चीवर 'काय पो छे' ओरडायला घसा चालतो, मग इथे टाळीला बोटं चाललीच पाहिजेत. एकदा करून बघू? (टाळ्या होऊ द्या. कमी पडल्या तर:) ही वासी उत्तरायणाची टाळी झाली. चौदा तारखेची द्या की!

मुक्ता: सुरुवात गणेशवंदनेनं. सहावीच्या मुली उभ्या आहेत, आणि दीपप्रज्वलनासाठी मुख्याध्यापिका बाई आणि आपल्या प्रमुख पाहुण्या नीलिमाताई येत आहेत. सगळ्यांनी उभं राहू या.

(पडदा. वंदना, दीपप्रज्वलन. आठ मिनिटं.)

ओंकार: आता पाहुण्यांची ओळख. परंपरेप्रमाणे ती लांबलचक असते आणि पाहुणे संकोचून खाली बघत बसतात. नीलिमाताईंनी काल फोनवर बजावलं, 'माझ्या पदव्या वाचायच्या नाहीत.' म्हणून फक्त खऱ्या गोष्टी सांगतो.

मुक्ता: नीलिमाताई आपल्याच शाळेच्या. पाचवी ते दहावी त्याच बाकावर, जिथे आज नववी अ बसते. पशुवैद्यक झाल्या आणि गावातच राहिल्या. पावसाळ्यात विश्वामित्री भरली की मगरी नदी सोडून सोसायट्यांत फिरायला येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यांच्या पार्किंगमध्ये मगर येते ते स्कूटर विसरतात आणि नीलिमाताईंना फोन करतात.

ओंकार: मी त्यांना विचारलं, मगरीची भीती वाटत नाही? त्या म्हणाल्या, 'वाटते ना. ती वाटली नाही की चूक होते.' मग विचारलं, आणि शाळेत सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटायची? (दोन सेकंद थांबा, मुख्याध्यापिका बाईंकडे बघू नका.) ते उत्तर त्यांनी दिलं नाही.

मुक्ता: ताई, तुमचं स्वागत पुष्पगुच्छानं नाही, तर आमच्या इको क्लबनं वाढवलेल्या तुळशीच्या रोपानं. आणि बोलायची विनंती आत्ता नाही, मध्यंतरानंतर. आधी तुम्ही निवांत बसून बघा.

(रोप. टाळ्या.)

ओंकार: पहिला कार्यक्रम आपल्या सगळ्यात लहान कलाकारांचा, पहिलीचं पतंगनृत्य. बावीस पतंग आहेत. त्यांतले दोन आत्ता विंगेत रडतायत.

मुक्ता: पालकांना एक विनंती. आपलं मूल ओळखू आलं तरी नावानं हाक मारू नका. पतंग आवाजाच्या दिशेनं वळतो आणि मग मागचे एकवीस त्याच्यावर आदळतात. गेल्या वर्षी असाच एक बेडूक समोरून उतरून थेट आईच्या मांडीवर जाऊन बसला होता.

ओंकार: तो बेडूक आता दुसरीत आहे. आज तो शहाणा आहे.

(नृत्य. चार मिनिटं. संपल्यावर बाई पतंगांना हाताला धरून उतरवतात.)

मुक्ता: वा! एकही पेच नाही, एकही काटाकाटी नाही. आता जरा जड कार्यक्रम. जड म्हणजे गंभीर नाही हं. सातवी ब भारूड घेऊन येते आहे, संत एकनाथांच्या परंपरेतलं. भारूड म्हणजे हसवत हसवत कानपिचक्या. गोष्ट विंचवाची असते आणि डंख आपल्याच रागाला, लोभाला बसतो.

ओंकार: आणि हे भारूड आपल्या गावाला नवं वाटू नये. बडोद्यातच 17व्या शतकात प्रेमानंद आख्यानं गात असत, गुजरातीत. माणभट्ट लोक तांब्याच्या घड्यावर, म्हणजे माणावर, बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून ती सांगत. एका बाजूला टाळ-मृदंग, दुसऱ्या बाजूला घडा, आणि ऐकायला बसलेले लोक तेच.

मुक्ता: आजच्या भारुडात घडा आमच्या प्रयोगशाळेतून आणलाय. फुटला तर रसायनशास्त्राच्या सरांना सांगू नका.

(भारूड. आठ मिनिटं. यानंतर तबला लावायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ पुढचा भाग भरून काढा. घाई करू नका, हाच प्रेक्षकांना आवडणारा भाग आहे.)

ओंकार: तबले ठोकून सुरात लावले जातायत. तोवर आपण रिकामे नाही बसायचं. हात वर! आज आपण सगळे तीनताल शिकणार.

मुक्ता: सोळा मात्रा. मी मोजते, तुम्ही टाळी द्या. एकला टाळी, पाचला टाळी, तेराला टाळी. आणि नऊला? नऊला टाळी नाही, हात बाजूला सोडायचा. ती खाली.

ओंकार: रिक्षावाला 'त्या बाजूला' दाखवतो तसा हात. चला!

(मुक्ता हळू मोजते: एक, दोन, तीन, चार… दोन आवर्तनं. नऊला टाळी वाजतेच.)

ओंकार: नऊला वाजली! कुणी वाजवली? नववीनं. नववी, तुमचं गणित मी घरी सांगत नाही. पुन्हा एकदा!

(तिसरं आवर्तन.)

मुक्ता: छान. ऐका, तुम्ही जे आत्ता केलंत ते आपल्या गावात नवं नाही. 1886 साली उस्ताद मौलाबक्ष यांनी इथे गायनशाळा सुरू केली. पुढे उस्ताद फैयाज खाँ बडोदा दरबारचे गायक होते. आणि आज आठवीची आर्या आणि नववीचा ध्रुव तबल्याची जुगलबंदी करतायत. ध्रुव परीक्षेच्या वेळी बाकावर बोटं वाजवतो म्हणून दोनदा बोलणी खाल्ली आहेत. आज त्याला कुणी रोखणार नाही.

ओंकार: आर्याला कुणीच कधी रोखत नाही.

(जुगलबंदी. दहा मिनिटं.)

(मध्यंतर, पंधरा मिनिटं. ओंकारनं आत जाऊन पाणी प्यायचं, घसा बसतो. मध्यंतरात गेटवर चहा असेल, उसळ नाही. पालकांना सांगून ठेवणे.)

मुक्ता: परत आलात, हे बरं झालं. नीलिमाताईंनी पाच मिनिटं बोलायचं कबूल केलंय.

(भाषण. संपल्यावर:)

ओंकार: ताई, आभार. तुम्ही सांगितलंत की मगर कधी उगाच धावून येत नाही, आपणच तिच्या वाटेत जातो. हे आम्ही मैदानावर दहावीच्या क्रिकेट टीमलाही सांगू.

मुक्ता: आता नाटुकलं. आठवी अ सादर करते 'कवळाण्याचा गोपाळ'. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा. बारा वर्षांचा, 1875 साली. महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायला मुलगा हवा होता. काही मुलांना इथे आणलं. सांगतात की प्रत्येकाला विचारलं, तू कशाला आलास? आणि हा म्हणाला, मी राज्य करायला आलोय.

ओंकार: हा प्रश्न मी काल आमच्या कलाकारांना विचारला. एक म्हणाला, बाईंनी पाठवलं. दुसरा म्हणाला, गणिताचा तास चुकतो म्हणून.

मुक्ता: तोच मुलगा पुढे सयाजीराव गायकवाड महाराज झाला. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 साली सगळ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड व्हायचा.

ओंकार: आई-बाबा, ऐकलंत ना? दंड पालकांना! आम्ही फक्त आज उशिरा येणाऱ्या बाबांचं नाव इथून घेणार नाही. नाटुकलं बघा.

(नाटक. पंधरा मिनिटं. पडदा अडकला तर दोघांनी बोलत राहायचं. ओंकारनं विचारावं, 'सेव उसळीत सेव आधी की उसळ आधी?' मुक्तानं म्हणावं, 'उसळ आपली, सेव त्यांची, आणि खाणारा सगळ्यांचा.' तरी उघडला नाही तर पुन्हा तीनताल.)

मुक्ता: नाटकात महाराजांच्या पागोट्याला जो मोती होता तो आर्याच्या आईच्या कानातला होता. तो परत मिळालाय, काळजी नको. आता शेवटचा कार्यक्रम.

ओंकार: लेझीम आणि गरबा, एकत्र! हे जमणार नाही असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. लेझीम रांगेत चालते, गरबा गोल फिरतो. पहिल्या तालमीला रांग गोलात घुसली आणि गोल रांगेत.

मुक्ता: बडोद्यात गरब्यात गोल सोडला की धक्का ठरलेला असतो, ते सगळ्यांनी खाल्लेत. आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांच्यामुळे इथे कवायतीची शिस्तही जुनीच. मग आमच्या पीटी सरांनी आणि नृत्याच्या बाईंनी दोन आठवडे बसून एकच ताल शोधला. त्यावर पन्नास मुलं नाचणार आहेत.

ओंकार: तीन टाळीला लेझीम छुम वाजते, तेवढं ऐका. बाकी बोलायला वेळ नाही, मुलं निघाली!

(सादरीकरण. नऊ मिनिटं. टाळ्या संपेपर्यंत बोलू नका.)

मुक्ता: आभार मानायचे तर नावं फार आहेत. पालकशिक्षक मंडळ, ध्वनिव्यवस्था, मागे पडदा ओढणारी तीन मुलं, बावीस पतंगांचे पालक, आणि ज्यांनी सगळ्यांना वेळेवर चहा दिला त्या आमच्या शाळेच्या सेविका मावशी. उभ्या राहा मावशी!

ओंकार: मावशींना टाळी पूर्ण आवर्तनाची. खालीसुद्धा वाजवा!

मुक्ता: पसायदानासाठी सगळ्यांनी जागीच उभं राहावं. संपल्यावर पहिलीच्या पालकांनी आपले पतंग विंगेच्या उजव्या दरवाजातून घ्यावेत, आणि बस क्रमांक दोन आज मागच्या गेटवर आहे.

ओंकार: रुमालवाल्या काकांनी रुमाल न्यायला विसरू नये.