विषय: १२ जूनच्या सादरीकरणातला विहिरींचा अभ्यास

सोमवार, १६ जून २०२५

प्रिय अमोल,

गुरुवारच्या बैठकीचं रेकॉर्डिंग मी शनिवारी रात्री पाहिलं आणि काल दुपारी पुन्हा एकदा, थांबवत थांबवत पाहिलं. बैठकीच्या वेळी मी गावात होते. तिथे काय झालं ते आधी दोघा-तिघांकडून कानावर आलं, पण ऐकीव गोष्टीवरून तुला काही लिहायचं नव्हतं. पुढे जे लिहितेय ते मी स्वतः रेकॉर्डिंगमध्ये आणि आपल्या फायलींमध्ये पाहिलेलं आहे. पत्र फक्त तुलाच पाठवतेय, कोणालाही प्रत नाही.

सादरीकरणाच्या स्लाइड ९ ते १७ माझ्या आहेत. ५ जूनला मी तुला Purandar_vihiri_v3.xlsx ही फाईल आणि तिच्यावरून केलेले आलेख पाठवले होते. ते आलेख तसेच्या तसे आहेत, रंगसुद्धा बदललेले नाहीत. स्लाइड १४ च्या खाली 'वि-१७: कठडा नव्याने बांधला, ४० सेंमी वजा' ही तळटीपही राहिली आहे. ती मी लिहिली, कारण त्या शेतकऱ्याने जानेवारीनंतर कठडा वाढवला होता आणि ते वजा केलं नसतं तर पाणी ४० सेंमी खाली गेल्यासारखं दिसलं असतं. पहिल्या पानावर 'अभ्यास आणि विश्लेषण' याखाली फक्त तुझं नाव आहे. तेविसाव्या मिनिटाला तू म्हणतोस, 'गेलं दीड वर्ष मी या बेचाळीस विहिरी मोजतोय.'

अमोल, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ते लपवून नुसते आकडे लिहिले तर पत्र अर्धं खरं होईल, म्हणून सांगते. आपण चार वर्षं एकत्र काम करतोय. तुझ्याकडून हे मला अपेक्षित नव्हतं.

आता मोजमापाचा हिशोब. ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२५ या काळात सहा फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीत ४२ विहिरी, म्हणजे एकूण २५२ नोंदी. त्यातल्या ११ तुझ्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मला ताप होता तेव्हा तू दोन दिवस येऊन वरच्या गावातल्या ११ विहिरी मोजल्यास. वहीत तुझं अक्षर आहे आणि मी ते विसरलेले नाही. उरलेल्या २४१ नोंदी मी, सुनंदाताई आणि वैशाली यांनी घेतल्या.

त्या दोघींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या नावापेक्षा त्यांची नावं गळल्याचं मला अधिक लागलं. विहिरीचं पाणी मोजायचं तर ते स्थिर हवं, मोटर चालून गेलेली नको. शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्री मोटर चालली असेल तर सकाळी दिसणारी पातळी खोटी असते. बेसॉल्टच्या फटींतून पाणी परत भरून यायला वेळ लागतो. हे मी पुस्तकातून शिकले होते, पण कोणाची मोटर कधी चालते हे सुनंदाताईंना ठाऊक होतं. पहाटे साडेपाचला त्यांचा फोन यायचा, 'मॅडम, खालच्या आळीत रात्रभर लाईट होती, आज येऊ नका, परवा या.' त्यांच्यामुळे किती नोंदी चुकायच्या वाचल्या याचा माझ्याकडे हिशोब नाही. टेपला वजन बांधून आत सोडणं, कठड्याची उंची वेगळी मोजून वजा करणं, प्रत्येक नोंद दोनदा घेणं हे सगळं वैशालीने शेवटच्या दोन फेऱ्यांत जवळजवळ एकटीने केलं. गावात आजही लोक तिला 'पाणीवाली' म्हणतात. त्या बैठकीत कोणालाच तिचं नाव कळलं नाही.

तुझी बाजूही मी लक्षात घेतली आहे. या पाच गावांच्या ग्रामसभांत तूच बोललास, विहिरीवर येऊ द्यायला लोक तुझ्यामुळे तयार झाले. निधीचा प्रस्ताव तुझा, बंधाऱ्यांची कामं तुझ्या देखरेखीखाली झाली. स्लाइड १ ते ८ पूर्णपणे तुझ्या आहेत आणि चांगल्या आहेत. मी फाईल पाठवताना नुसतं 'बघून घे, बैठकीला लागेल' एवढंच लिहिलं होतं. फाईलवर नाव टाकलं नव्हतं, आलेख कोणाच्या नावाने दाखवायचे हेही बोललो नव्हतो. ती माझी ढिलाई होती. आदल्या दिवशीपर्यंत तू सासवडला होतास आणि घाईत सगळं एकत्र जोडलंस, असंही असू शकेल. पण 'मी मोजतोय' हे वाक्य घाईने समजावता येत नाही. त्याबद्दल मला तुझ्याकडूनच ऐकायचं आहे.

माझ्या दृष्टीने नावाहून मोठा प्रश्न स्लाइड १५ चा आहे.

तिथे तू लिहिलंस की एप्रिल २०२४ च्या तुलनेत एप्रिल २०२५ मध्ये पाणीपातळी सरासरी ०.९४ मीटर वर आली, आणि ती बंधाऱ्यांमुळे. हा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर आहे, तिथे सगळ्या ४२ विहिरी आहेत. त्याच फाईलच्या तिसऱ्या पानावर मी सहा विहिरी वेगळ्या काढल्या होत्या. त्या सहा शेतकऱ्यांनी पुरंदर उपसा योजनेचं पाणी घेऊन थेट विहिरीत सोडलं होतं. अंजीर आणि सीताफळाच्या बागा जगवायच्या म्हणून ते तसं करतात, त्यात गैर काही नाही. पण ते पाणी बंधाऱ्याने अडवलेलं नाही. त्या सहा विहिरींची वाढ सरासरी ३ मीटर आहे. उरलेल्या ३६ विहिरींची वाढ ०.६ मीटर. सहा विहिरींनी ०.६ चं ०.९४ केलं.

त्या ०.६ चंही सगळं श्रेय आपलं नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात पुरंदर होता. म्हणजे एप्रिल २०२४ ची पातळी दुष्काळानंतरची आहे. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला, तर विहिरी बंधाऱ्याविनाही काही प्रमाणात वर येणारच. हे वाक्य माझ्या टिपणात होतं, सादरीकरणात ते नाही.

समितीतल्या बाईंनी तुला विचारलं की यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, त्याचा परिणाम या आकड्यांत आहे का. तू म्हणालास, 'थोडा असेल, तपासून सांगतो.' त्याचं उत्तर साधं आहे: नाही. एप्रिलची फेरी आपण २८ तारखेला संपवली, पाऊस नंतरचा. मला विचारलं असतंस तर तिथल्या तिथे फोनवर सांगितलं असतं. तुला ते माहीत नसणं साहजिक आहे, कारण त्या फेरीत तू नव्हतास. मोजणाऱ्याचं नाव कागदावर असलं पाहिजे ते याचसाठी. प्रश्न आला की तो कोणाकडे न्यायचा हे कळतं.

आणि हा आकडा तिथेच थांबणार नाही. समितीच्या अध्यक्षांनी तो वार्षिक अहवालात घ्यायचं ठरवलं, हे रेकॉर्डिंगच्या शेवटी आहे. त्या सहाही विहिरी खालच्या दोन गावांतल्या आहेत. ०.९४ वर विसंबून पुढच्या टप्प्याचा निधी तिकडेच गेला, तर वरच्या गावाचं काय? तिथे वाढ जेमतेम ०.२ मीटर आहे आणि फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहावी लागते. ज्या गावाच्या ११ विहिरी तू स्वतः मोजल्यास तेच हे गाव.

मला तीन गोष्टी हव्या आहेत.

शुक्रवार, २० जूनपर्यंत बैठकीला हजर असलेल्या सगळ्यांना तुझ्याकडून एक छोटा ईमेल जावा. मजकूर मी सुचवते, तुझ्या शब्दांत बदललास तरी चालेल: '१२ जूनच्या सादरीकरणातल्या स्लाइड ९ ते १७ मधलं विश्लेषण मनीषा यांचं आहे. पाणीपातळीची मोजणी मनीषा, सुनंदाताई आणि वैशाली यांनी केली. जानेवारी २०२४ मधल्या ११ नोंदी माझ्या आहेत. स्लाइड १५ वरचा ०.९४ मीटर हा आकडा दुरुस्त करून ०.६ मीटर (३६ विहिरी) असा वाचावा. या वाढीत २०२४ च्या पावसाचाही वाटा आहे. एप्रिल २०२५ ची मोजणी मे महिन्यातल्या पावसाआधी पूर्ण झाली होती. सुधारित सादरीकरण सोबत जोडलं आहे.' यात कोणाची नाचक्की होईल असं काही नाही, हे मी दोनदा वाचून पाहिलं.

३० जूनला जाणाऱ्या अहवालात अभ्यासाच्या प्रकरणावर आम्हा तिघींची नावं आणि कार्यक्रम समन्वयक म्हणून तुझं नाव असावं. आणि यापुढे ही मोजमापं कुठेही मांडायची असतील तर आधी मला दाखव. शक्य असेल तेव्हा मी स्वतः येऊन मांडेन. वैशालीलाही एकदा बैठकीला न्यावं असं मला फार वाटतं.

संचालकांशी मी अजून काही बोललेले नाही. शुक्रवारपर्यंत ईमेल गेला तर माझ्या बाजूने हा विषय त्यांच्याकडे नेण्याचं कारण उरत नाही. नाही गेला, तर शनिवारी मी त्यांना फाईल, टिपण आणि वह्यांच्या प्रती देईन, कारण चुकीचा आकडा समितीकडे राहू देणं मला जमणार नाही. हे तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझ्याकडून काही मागून केलं असं व्हायला नको.

माझं काही चुकत असेल, एखादी तारीख, एखादी नोंद, किंवा तू कुठे आमची नावं घेतलीस आणि माझ्या लक्षात आलं नाही, तर नक्की दाखव. मी दुरुस्त करेन. बुधवारी सकाळी अकराला मी पुण्याच्या ऑफिसात आहे. येतोस का? वह्या घेऊन येते, सहाही फेऱ्यांच्या. समोर ठेवून बोलू.

सुधारित आलेख सोबत जोडले आहेत. स्लाइड १५ नव्याने केली आहे, ४२ आणि ३६ विहिरी शेजारी शेजारी दाखवल्या आहेत.

मनीषा