आजीच्या हजार पौर्णिमा: सुलोचना आजीचा 81वा वाढदिवस

पडदा सांभाळणाऱ्यासाठी (हे पान पडद्यावर येणार नाही)

रविवार, 29 मार्च 2026, सकाळी 11. एकूण 20 स्लाइड. फाइल पेनड्राइव्हवरून चालवू नका, व्हिडिओ अडकतो. आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या. लॅपटॉपचं झोपी जाणं बंद करा, चार्जर लावून ठेवा. सुरुवात F5 ने, मध्येच कुणी बोलायला उठलं तर B दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा B दाबलं की तीच स्लाइड येते. स्लाइड हातानेच पुढे न्यायच्या. साधारण 8 सेकंद पुरतात, पण 8 आणि 11 वर लोक वाचत बसतील, तिथे 20 सेकंद थांबा. हॉलच्या पूर्वेकडच्या खिडक्यांचे पडदे ओढा, नाहीतर कृष्णधवल फोटोंतले चेहरे दिसणार नाहीत.

1. (आजीचा आत्ताचा फोटो, नऊवारीतला)
सुलोचना आजी
जन्म 29 मार्च 1945, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.
यंदाच्या माघी पौर्णिमेला, 1 फेब्रुवारीला, तुझ्या 1000 पौर्णिमा पूर्ण झाल्या.

भाग पहिला: मोरगिरी

2. (कराडच्या स्टुडिओतला फोटो)
1957. उजवीकडून दुसरी, दोन वेण्यांची, ती आजी. पोलकं थोरल्या बहिणीचं, म्हणून बाह्या दुमडल्यात.

*फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. ओढला असता तर चेहऱ्यांवरचा थर निघाला असता, म्हणून काचेसकट स्कॅन केलाय. डावीकडची पांढरी रेघ काचेची आहे.*

3. (माहेरचं जातं, हल्लीचा फोटो)
पहाटे चारला घरघर सुरू. वरची तळी दोघींनी ओढायची, घास मुठीमुठीने घालायचा. घास जास्त झाला की पीठ जाडंभरडं पडतं.

*इथे आजीच्या आवाजातली ओवी, 40 सेकंद. आवाज आपोआप सुरू होतो, दोनदा दाबू नका.*

भाग दुसरा: लग्न आणि लालबाग

4. (लग्नाचा फोटो, मुंडावळ्या)
वैशाख, 1963. वय 18.

5. (पत्र्याची ट्रंक)
ओगलेवाडीच्या कराड स्टेशनातून मीटरगेज गाडीने पुणं, तिथे गाडी बदलून मुंबई. ट्रंकेत चार लुगडी, एक तवा आणि पाच पायली ज्वारी.

6. (चाळीची गॅलरी, आजी आणि आजोबा)
दहा बाय बाराची खोली. आजोबा गिरणीत साचे खात्यात. सकाळी सातचा भोंगा झाला की घर ओळीने कामाला लागायचं.

7. (आंतर्देशीय पत्र)
11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. मामांचं पत्र आठ दिवसांनी आलं: "मागची भिंत पडली. माणसं आणि गुरं सुखरूप."

भाग तिसरा: खानावळ

8. (भाकरी थापताना, 1974)
22 मेंबर. गावाकडून एकटे आलेले, गाळ्यात राहणारे गिरणी कामगार. माणशी तीन भाकरी म्हणजे एका वेळेला 66, दोन्ही वेळच्या 132. दिवसाला 13 किलो पीठ. दोन तवे, दोन स्टो. पहिल्या पाळीचे डबे साडेसहाला तयार, दुसऱ्या पाळीचे तीनला.

9. (परातीतले हात, जवळून)
आजीचा नियम: पीठ आठवड्याचंच दळायचं. जुनं झालं की विरी जाते आणि थापताना भाकरीला कडेने चिरा पडतात. तशी वेळ आलीच तर उकळीच्या पाण्यात मळायचं. वरून पाणी फिरवायचं ते पीठ कोरडं दिसायच्या आत. उशीर झाला की पापुद्रा सुटत नाही.

10. (महिलांची बैठक, मागे फळा)
प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, सावकाराची गरज संपली. आजीच्या पहिल्या कर्जातून दोन मोठी पातेली आणि पाण्याचं पितळी पिंप आलं. पातेली आजही घरात आहेत. आजची आमटी त्यातलीच.

11. (उधारीची वही, एक पान मोठं करून)
18 जानेवारी 1982, गिरण्यांचा संप. मार्चपर्यंत 22 पैकी 16 मेंबर गावी गेले. ज्यांची बाकी राहिली त्यांच्या नावापुढे आजीने आकडा लिहिला, आणि पुढे "येईल तेव्हा". काही नावांवर नंतर निळ्या शाईची रेघ आहे: ते आले, पैसे देऊन गेले. बाकीची पानं तशीच कोरी ठेवलीत. वसुलीला आजी कुणाच्या दारात गेली नाही.

*मामा-मामी इथे बोलतील. B तयार ठेवा. पानावरची पूर्ण नावं मुद्दाम झाकलीत, ती माणसं आज हॉलमध्येही असतील.*

12. (पोळ्यांचे डबे, 1984)
आजोबांचा पगार बंद. भाकरीच्या जागी पोळी आली, गाळ्याच्या जागी परळची ऑफिसं. श्रावणात पुरणपोळीच्या ऑर्डरी.

*रंग लाल पडले होते. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर थर आधी उडतो. दुरुस्तीत साडी भलत्याच रंगाची दिसू लागली, म्हणून कृष्णधवल ठेवलाय.*

भाग चौथा: मुलं

13. दत्ता, शोभा, विलास. 1976, गणेश चतुर्थी. तिघांचे सदरे-फ्रॉक एकाच ताग्यातले.

14. शोभाताईची दहावी, 1984. पेढे चाळीतल्या 18 खोल्यांत वाटले.

15. दत्ताकाकांचं लग्न, 1992. पंगतीला वाढणारी आजीच.

भाग पाचवा: डोंबिवली

16. (रिकामी खोली, हातात किल्ली)
1994. एक खोली, किचन आणि स्वतःचा नळ. आजीने आधी पाण्याची वेळ विचारली.

17. (आजोबा आणि आजी, गॅलरीत)
आजोबा, 1938–2009. 46 वर्षांचा संसार.

*संगीत नाही. 15 सेकंद, मग पुढे.*

18. सहा नातवंडं, एक ताट. 2005. मधली वाटी कुणाची यावरून भांडण चाललंय.

19. (अन्वी आजीच्या मांडीवर, हातात पिठाचा गोळा)
2025. पणती पहिली भाकरी थापतेय. आकार कोकणच्या नकाशाचा, पण फुगली.

*व्हिडिओ 25 सेकंदांचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला धूसर आहे, विलासकाकांच्या फोनमधला मूळ वापरलाय.*

भाग सहावा: आज

20. (सगळ्यांचा गेल्या दिवाळीतला फोटो)
आजी, आता तू मध्ये बस. औक्षण आहे.

*स्लाइड पडद्यावर राहू द्या, दिवे लावा. कणकेचे 81 दिवे, तीन परातींत 27-27. प्रत्येकात अर्धा चमचा तूप आणि फुलवात. तूप कोमट ओता, थंड असलं तर वात भिजत नाही आणि तडतडते. पेटवण्याआधी हॉलचे सगळे पंखे बंद, एसीचा झोत वर. दोघांनी दोन्ही टोकांनी पेटवायला घ्या, एकट्याने लावलं तर शेवटचा दिवा लागेपर्यंत पहिल्यातलं तूप निम्मं होतं. परात एका हाताने उचलू नका. सुना आणि लेक ओवाळतील, मग नातवंडं, शेवटी अन्वी. फोटो काढणाऱ्याने फ्लॅश बंद ठेवा.*

*दिवे विझल्यावर पंखे सुरू. जेवण साडेबाराला: ज्वारीची भाकरी, आमटी, भरली वांगी, खर्डा, पुरणपोळी, तूप. पहिलं पान आजीचं. तिला उठून वाढू द्यायचं नाही, ही जबाबदारी विलासकाकांची.*