कार्यालयातील मालमत्तेच्या चोरीबाबत तक्रार अर्ज

जावक क्रमांक : साग्रं/कार्या/११८/२०२५
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
शहर पोलीस ठाणे यांस

अर्जदार : कार्यवाह, सार्वजनिक ग्रंथालय व अभ्यासिका, स्टेशन रस्ता

विषय : दिनांक १५ नोव्हेंबरची रात्र ते १७ नोव्हेंबरची सकाळ या दरम्यान ग्रंथालयाच्या कार्यालयात झालेल्या घरफोडीबाबत फिर्याद नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : आज सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी ११२ या क्रमांकावर दिलेली खबर.

महोदय,

आमची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणीकृत असून शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय चालवते. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने आज सकाळी तातडीची बैठक घेऊन ही फिर्याद दाखल करण्याचा अधिकार मला, म्हणजे संस्थेच्या कार्यवाहास, ठरावाद्वारे दिला आहे. ठरावाची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे.

शनिवार दिनांक १५ नोव्हेंबर रोजी रात्री साडेआठ वाजता अभ्यासिकेतील शेवटचा वाचक गेल्यानंतर आमच्या शिपायाने खिडक्या लावल्या, मागील दाराला आतून कडी घातली आणि ग्रंथपालांच्या समक्ष पुढील दाराला कुलूप लावले. कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक शिपायाकडे व दुसरी माझ्याकडे असते, आणि त्या दोन्ही आजही आमच्याच ताब्यात आहेत. रविवारी साप्ताहिक सुट्टी असल्याने इमारत बंद होती. संस्थेकडे रात्रीचा पहारेकरी नाही.

आज सोमवारी सकाळी साडेसात वाजता शिपायाने पुढील दार उघडले, तेव्हा त्यावरील कुलूप शाबूत होते. आत गेल्यावर मात्र कार्यालयाच्या खोलीतील कागद जमिनीवर पसरलेले व मागील दार सताड उघडे दिसल्याने तो तेथूनच परत फिरला आणि त्याने मला दूरध्वनी केला. मी पावणेआठच्या सुमारास पोहोचलो, दारातूनच पाहणी केली आणि ११२ वर कळवले. आपल्या ठाण्याचे दोन अंमलदार ८ वाजून ४० मिनिटांनी आले. त्यांच्या सूचनेप्रमाणे खोली तेव्हापासून बंद ठेवली असून अभ्यासिकाही वाचकांसाठी बंद आहे. गेलेल्या वस्तूंची मोजदाद त्या अंमलदारांच्या समक्ष, कशालाही हात न लावता केली आहे.

घटनास्थळी जे दिसले ते असे. कार्यालयाच्या मागील खिडकीच्या ग्रीलचे खालचे तीन आडवे गज कापून बाहेरच्या बाजूस वाकवले आहेत, आणि लोखंडाचा ताजा कीस खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर तसेच बाहेरच्या फरशीवरही पडला आहे. खिडकीतून एक माणूस आत आला असावा व त्याने मागील दाराची कडी आतून काढली असावी, असे दिसते. इन्व्हर्टरच्या जागेपासून मागील दारापर्यंत जमिनीवर ओढल्याच्या दोन समांतर रेघा असून वाटेत एका फरशीवर बॅटरीतील द्रव सांडल्याने पांढरा डाग पडला आहे. या बॅटऱ्या एका माणसाला उचलून दूर नेता येण्याजोग्या नाहीत. त्यामुळे एकापेक्षा जास्त माणसे आणि एखादे वाहन वापरले गेले असावे, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच नोंदवावा. मागील बोळात चारचाकी शिरत नाही, मात्र हातगाडी किंवा तीनचाकी टेम्पो शिरतो.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर भिंतीवरील फळीवरून स्क्रू काढून नेला आहे. त्याच्या तारा कापलेल्या नाहीत, तर एकेक करून सोडवल्या आहेत, आणि त्याला जोडलेला माऊस मात्र फळीवर तसाच ठेवला आहे. स्क्रू, फळी आणि माऊस यांवर ठसे मिळण्याची शक्यता वाटते.

आणखी एक बाब आम्ही मुद्दाम नोंदवतो. ज्या लोखंडी कपाटात दोन्ही लॅपटॉप ठेवले होते, त्याचे कुलूप तोडलेले नाही. कपाट किल्लीने उघडलेले असून किल्ली कुलपातच लटकत होती. ही किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात ठेवली जाते. खणाचे कुलूप उचकटलेले आहे, म्हणजे किल्ली शोधताना ती सापडली असेही असू शकते, किंवा ती कोठे असते हे आधीच ठाऊक होते असेही असू शकते. यावरून कोणाही कर्मचाऱ्यावर, वाचकावर किंवा दुरुस्तीसाठी येऊन गेलेल्या कारागिरावर आमचा संशय नाही व या अर्जाचा तसा अर्थ काढू नये. परंतु ही वस्तुस्थिती फिर्यादीतून वगळणे आम्हाला योग्य वाटले नाही. गेल्या तीन महिन्यांत कार्यालयात काम करून गेलेल्या इलेक्ट्रिशियन, रंगारी व इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांची यादी आमच्या पावती-फाइलवरून तयार करून सोबत दिली आहे.

चोरीच्या वेळेबाबत एक धागा उपलब्ध आहे. संस्थेच्या कोषाध्यक्षांच्या मोबाईलवरील कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये रविवारी पहाटे २ वाजून १० मिनिटांनी Device Offline असा संदेश आलेला आहे. ब्रॉडबँड खंडित झाल्यावरही असाच संदेश येतो व तसे महिन्यातून अनेकदा घडते, म्हणून त्या वेळी त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. डीव्हीआर इन्व्हर्टरवर चालत असल्याने केवळ वीज गेल्यामुळे तो बंद पडला असण्याचा संभव कमी आहे. तरीही हीच चोरीची नेमकी वेळ, असे आम्ही ठामपणे म्हणत नाही. संदेशाचा स्क्रीनशॉट जोडला असून मूळ मोबाईल तपासासाठी हजर करण्यास कोषाध्यक्ष तयार आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्रही ते देतील.

चोरीस गेलेल्या मालमत्तेचा तपशील जडवस्तू संग्रह नोंदवही व खरेदीची बिले यांवरून खालीलप्रमाणे आहे. किमती खरेदीच्या वेळच्या आहेत. घसारा वजा जाता आजची पुस्तकी किंमत कमी भरेल, ती हवी असल्यास लेखापरीक्षकांकडून घेऊन सादर करू.

१. लॅपटॉप, १५.६ इंची, करड्या रंगाचा, नोंदवही क्र. ७१, खरेदी १२ जून २०२३, किंमत ५२,४०० रुपये. झाकणावर संस्थेच्या नावाचे पांढरे स्टिकर असून उजव्या बिजागरीजवळ तडा आहे.

२. लॅपटॉप, १४ इंची, काळा, नोंदवही क्र. ६२, खरेदी २१ मार्च २०२१, किंमत ४१,८०० रुपये. कळफलकावरील ‘एंटर’ कळ बदललेली असल्याने तिचा रंग इतर कळांपेक्षा फिका आहे.

३. प्रोजेक्टर, पांढरा, नोंदवही क्र. ६६, खरेदी १८ जानेवारी २०२२, किंमत ३६,५०० रुपये. रिमोट आणि पिशवीसह गेला आहे.

४. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या २, प्रत्येकी १५० अँपिअर-अवर, नोंदवही क्र. ७८ व ७९, खरेदी ९ ऑक्टोबर २०२४, प्रत्येकी १७,२५० प्रमाणे ३४,५०० रुपये. दोन्हींच्या बाजूवर लाल ऑइलपेंटने नोंदवही क्रमांक लिहिलेला आहे. इन्व्हर्टर नेलेला नाही.

५. आठ चॅनेलचा डीव्हीआर, आतील २ टेराबाइट हार्ड डिस्कसह, नोंदवही क्र. ६९, खरेदी ५ ऑगस्ट २०२२, किंमत ११,९०० रुपये.

६. बाह्य हार्ड डिस्क, २ टेराबाइट, नोंदवही क्र. ७५, खरेदी ६ फेब्रुवारी २०२४, किंमत ५,६०० रुपये.

७. कार्यालयीन मोबाईल, निळा, सिमकार्डसह, नोंदवही क्र. ७७, खरेदी २ जुलै २०२४, किंमत १३,९९९ रुपये.

या वस्तूंची एकूण किंमत १,९६,६९९ रुपये असून, त्याखेरीज टेबलाच्या खणातील पत्र्याच्या डबीतून वाचकांकडून जमा झालेले विलंबशुल्क ३,४६० रुपये रोख गेले आहेत. ही रक्कम शनिवारच्या रोकडवहीतील शिलकीशी जुळते. एकंदर नुकसान २,००,१५९ रुपयांचे आहे. लॅपटॉप, डीव्हीआर व प्रोजेक्टर यांचे अनुक्रमांक आणि मोबाईलचे दोन्ही आयएमईआय क्रमांक मूळ बिलांवर छापलेले असून बिलांच्या साक्षांकित प्रती जोडल्या आहेत. प्राथमिक पाहणीत ग्रंथसंग्रहातील एकही पुस्तक गेल्याचे आढळले नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

किमतीने सर्वांत लहान असलेली बाह्य हार्ड डिस्क हे आमचे खरे नुकसान आहे. संग्रहातील जीर्ण नियतकालिकांची पाने आमच्या कर्मचाऱ्यांनी व स्वयंसेवकांनी स्कॅन करून तिच्यात साठवली होती, आणि त्यांपैकी अलीकडच्या कामाची दुसरी प्रत पहिल्या क्रमांकाच्या लॅपटॉपवरच होती. मूळ अंकांतील काही पाने आता उलटतानाही तुटतात, त्यामुळे ते काम पुन्हा होईलच असे नाही. मुद्देमाल मिळाल्यास डिस्क पुसली जाण्याआधी ताब्यात यावी, एवढ्यासाठी तिचा उल्लेख वेगळा केला आहे. लॅपटॉपमध्ये सभासदांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांकही आहेत. दोन्ही लॅपटॉपना पासवर्ड असला तरी या माहितीचा वा सिमकार्डाचा कोणी गैरवापर केल्यास त्यास संस्था जबाबदार राहणार नाही, याची नोंद व्हावी. सिमकार्ड आज सकाळी साडेनऊ वाजता बंद करून घेतले आहे, आणि तो क्रमांक संस्थेच्या बँक खात्याशी जोडलेला असल्याने बँकेसही लेखी कळवले आहे.

तरी भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३०५ (अ) व ३३१ (४) अन्वये, तसेच तपासात निष्पन्न होतील त्या अन्य कलमांन्वये गुन्हा नोंदवावा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ (२) प्रमाणे प्रथम खबरी अहवालाची प्रत आम्हास विनामूल्य मिळावी, ही विनंती. मोबाईलचे आयएमईआय केंद्रीय सीईआयआर प्रणालीत बंद करण्यासाठी, विमा दाव्यासाठी आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना कळवण्यासाठी ती प्रत लागणार आहे.

पंचनामा व ठसे घेण्याचे काम आजच व्हावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे, कारण अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी बसतात व जागा फार दिवस बंद ठेवणे कठीण आहे. त्याहून निकडीचे म्हणजे, मागील बोळाच्या तोंडाशी असलेल्या दुकानाचा व समोरच्या सोसायटीच्या फाटकाचा कॅमेरा या दोन्हींत रविवारी पहाटेची ये-जा टिपली गेली असण्याची शक्यता आहे. दुकानदारांकडे आम्ही चौकशी केली असता, त्यांच्या यंत्रात सात दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे शनिवार दिनांक २२ पर्यंतच ते हाती लागेल. पोलिसांचे पत्र आल्याशिवाय चित्रण देता येणार नाही, ही त्यांची भूमिका आम्हाला रास्त वाटते. तेव्हा ते पत्र कृपया आजच द्यावे. बॅटऱ्या भंगारात विकल्या जाण्याची शक्यता लक्षात घेऊन भंगार व जुन्या बॅटऱ्यांच्या व्यापाऱ्यांना त्यांवरील लाल रंगातील क्रमांक कळवावेत.

शिपाई, ग्रंथपाल, कोषाध्यक्ष व मी असे आम्ही चौघे जबाबासाठी आपण बोलवाल तेव्हा हजर राहू. आमची नावे, पत्ते व भ्रमणध्वनी क्रमांक स्वतंत्र कागदावर दिले आहेत. वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा असून जेथे केवळ तर्क आहे तेथे तसे नमूद केले आहे.

आपला विश्वासू,

(स्वाक्षरी व संस्थेचा शिक्का)
कार्यवाह,
सार्वजनिक ग्रंथालय व अभ्यासिका

सोबत : कार्यकारी मंडळाचा ठराव, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, नोंदवहीच्या संबंधित पानांच्या व सात बिलांच्या साक्षांकित प्रती, शनिवारच्या रोकडवहीचे पान, अॅपमधील संदेशाचा स्क्रीनशॉट, दारातून काढलेली छायाचित्रे, कारागिरांची यादी आणि साक्षीदारांचा तपशील.

प्रत माहितीसाठी : जिल्हा ग्रंथालय अधिकारी, संस्थेचे लेखापरीक्षक.