चवथीच्या सुट्टीत मुलांच्या हातात मोबाइलऐवजी

सप्रेम नमस्कार पालकहो,

शनिवारपासून चवथीची सुट्टी लागते आहे. त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

गेल्या आठवड्यात वर्गात चित्रांची पुस्तकं वाटली. एका मुलाने पान उलटलंच नाही, चित्रावर बोट सरकवत राहिला आणि पुढचं चित्र येईना म्हणून रडकुंडीला आला. डबा खाताना तीन-चार मुलं समोर मोबाइल नाही म्हणून घास गालात धरून बसतात. हे पाहून जीव तुटतो. बाहेर पाऊस, घरात कामाचा डोंगर, अशा वेळी मोबाइल दिला की पोर गप्प बसतं, हे मला कळतं. तुम्हाला दोष देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी तर उत्तमच. धावणं-खेळणं मात्र तीन तास हवं, आणि झोप १० ते १३ तास. घरी दोन वर्षांखालचं भावंड असेल तर त्याला स्क्रीन नकोच. बाबा बोटीवर किंवा गल्फात असतील तर त्यांच्याशी व्हिडिओ कॉल जरूर करा, तो यात धरू नका.

सगळं एकदम बंद करू नका. आधी जेवताना बंद, मग झोपायच्या आधीचा एक तास. पहिले दोन-तीन दिवस रडारड होईल. तेव्हा ‘आज थोडाच’ म्हणून परत दिलात, तर रडलं की मिळतं एवढंच ते शिकेल. त्यापेक्षा हातात दुसरं काही द्या.

आणि चवथीच्या घरात द्यायला काय कमी आहे? माटोळीचं सामान आलं की सुपाऱ्या, फागलां, तोरिंगं मुलांपुढे ठेवा. लहान कुठलं, मोठं कुठलं, खरखरीत कुठलं, हे त्यांना लावू दे. फक्त जवळ बसा, कारण कवंडळासारखी काही फळं विषारी असतात, तोंडात जाता कामा नयेत. नेवऱ्या करताना पिठाचा एक गोळा त्यांना द्या. तो काळा होईल, होऊ दे. लाटून-मळून बोटांत जोर येतो, तोच पुढे पेन्सिल धरायला लागतो. पाऊस उघडला की अंगणातल्या डबक्यात कागदी होड्या. करवंट्यांची भातुकली तर आजीच मांडून देईल, तिला विचारा. काजूबिया, चिंचोके मात्र तीन वर्षांखालच्या मुलांपासून लांब ठेवा, घशात अडकतात.

कधी ‘आई, कंटाळा आला’ म्हणत मूल मागे लागेल. दहा मिनिटं थांबा. बहुतेक वेळा ते स्वतःच काहीतरी शोधतं.

आणि हो, आपलाही मोबाइल जेवताना बाजूला ठेवूया.

सुट्टीनंतर येताना प्रत्येकाने खेळलेली एक वस्तू आणावी. करवंटी, सुपारी, होडी, काहीही चालेल. विकत आणलेलं नको. वर्गातल्या खिडकीखाली आपण ती सगळी मांडणार आहोत.

चवथीच्या शुभेच्छा.

तुमच्या मुलांच्या बालवाडीच्या बाई