इंदूर, डिसेंबर: चौघांचे तीन दिवस, भुकेच्या हिशोबाने

शुक्रवार. सकाळी ८ला पोहे-जिलेबी, दोघांत एक प्लेट. इथले पोहे वाफेवर गरम राहतात. वर शेव, कांदा आणि जिरावण हा इथला चटपटीत मसाला. दुपारी हलकं वरण-भात. संध्याकाळी ६नंतर काही नको, कारण रात्री सराफा बाजारात खायचंय.

सोन्याची दुकानं मिटल्यावर ठेले लागतात, म्हणून साडेनऊच्या आधी जाऊ नका. क्रम पाळा: आधी भुट्टे का कीस, म्हणजे किसून परतलेला मका, मग गराडू, म्हणजे तळलेला कंद. गराडू हिवाळ्यातलाच, कढईतून काढल्याबरोबर लिंबू-जिरावण टाकून खा, गार झाला की चिवट लागतो. नंतर दहीवडा, शेवटी खव्याची गोड मावाबाटी, तीही चौघांत एकच. गोडापासून सुरुवात केली की तिखटाची भूक मरते, हीच नेहमीची चूक.

शनिवार. नाश्ता टाळा, १२ला दाल-बाफले, म्हणजे डाळीबरोबर कणकेचे उकडून भाजलेले गोळे. तूप भरपूर असतं. माणशी दोन पुरेत. मग झोप. रात्री ८ला छप्पन दुकान ही खाऊगल्ली, तिथे फक्त खोबरा पॅटिस आणि शिकंजी. ही शिकंजी लिंबाची नव्हे, दाट दुधाची, जेवणाइतकीच जड.

रविवार. सकाळी गरम कचोरी, राजवाडा. शेव-जिरावण बांधून घ्या. रात्री सराफ्यात राहिलेलं: साबुदाणा खिचडी आणि जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलेबी.