सच्यासाठी तीन महिन्यांचा डीप लर्निंग प्लॅन, फक्त शनिवार-रविवार (३ ऑक्टोबर ते २७ डिसेंबर)

सच्या, परवा विश्रामबागच्या चहाच्या टपरीवर कबूल केलं होतं म्हणून लिहून काढलंय. एकदा पूर्ण वाच, मग वहिनींना पण दाखव, कारण वेळ त्यांच्याच वाट्यातून जाणाराय.

आधी हिशोब. १३ वीकेंड आहेत, त्यातला ७-८ नोव्हेंबर दिवाळीचा, लक्ष्मीपूजन रविवारीच आलंय, म्हणजे तो गेला. राहिले १२. शनिवारी सकाळी ७ ते ११, रविवारी ६ ते ९, असे आठवड्याला ७ तास, एकूण ८४. तू म्हणशील सोमवार ते शुक्रवार रात्री पण एक तास काढतो. नको. दिवसभर जावाचे टिकेट बंद करून रात्री दहाला जो माणूस लॅपटॉप उघडतोय तो शिकत नाही, नुसता व्हिडिओ बघत बसतोय. मी मागल्या वर्षी तेच केलं, तीन कोर्स चालू केले, एकही संपला नाही, आणि विचारलं असतं तर बॅकप्रॉप म्हणजे काय हे मला धड सांगता आलं नसतं. म्हणून या प्लॅनमध्ये एकच नियम आहे, वीकेंडला व्हिडिओ जास्तीत जास्त एक तास, बाकी सगळा वेळ हात कीबोर्डवर.

आणि शेवटी काय तयार होणार तेही आत्ताच ठरवून टाकू. तुझ्या मामांची तासगावची द्राक्षबाग. पानाचा फोटो काढला की दावण्या, भुरी का निरोगी एवढं सांगणारं मॉडेल. बास, तीनच प्रकार. करपा-बिरपा पुढच्या वर्षी.

३-४ आणि १०-११ ऑक्टोबर. पायटॉर्च ही डीप लर्निंगची तयार लायब्ररी इन्स्टॉलच करायची नाही, फक्त नमपाय, पायथॉनची मॅट्रिक्सची लायब्ररी. पहिल्या शनिवारी वही घे, एकच न्यूरॉन, दोन इनपुट, एक लॉस, म्हणजे उत्तर किती चुकलं त्याचा आकडा, आणि चेन रूलनं डेरिव्हेटिव्ह हातानं काढ. बारावीचं गणित आठवत नसेल तर तेवढंच चाळ, सगळं लिनिअर अल्जेब्रा परत करत बसू नको, मॅट्रिक्सचा गुणाकार आणि ट्रान्सपोज आला की पुष्कळ झालं. मग दोन लेयरचं नेटवर्क लिही, ७८४ इनपुट, मध्ये १२८, शेवटी १०. वजनं, म्हणजे नेटवर्कनं शिकायचे आकडे, मोज, बायस धरून १,०१,७७० आली पाहिजेत, हा आकडा तुझ्या हातानं आला नाही तर पुढं जाऊ नको. मग बॅकवर्ड पास, म्हणजेच बॅकप्रॉप: शेवटाकडनं मागं येत प्रत्येक वजनाचा ग्रेडियंट काढायचा, ते वजन हलवलं तर लॉस किती हलतो तो आकडा. इथं तू अडकणारच, सगळेच अडकतात, शेप जुळत नाहीत आणि डोकं फिरतं. ग्रेडियंट बरोबर आहे का हे बघायची जुनी पद्धत आहे, एक वजन किंचित वर-खाली करून लॉस किती हलला ते बघायचं:

```python
h = 1e-5
W[i, j] += h;   l1 = loss(W)
W[i, j] -= 2*h; l2 = loss(W)
W[i, j] += h
print((l1 - l2) / (2*h), dW[i, j])
```

दोन्ही आकडे पहिल्या चार-पाच अंकांपर्यंत जुळले की समज बॅकप्रॉप आलं. बॅकप्रॉप १९८६ च्या त्या रुमेलहार्ट-हिंटन-विल्यम्सच्या पेपरनं गाजलं, पण आतमध्ये चेन रूलच आहे, जादू काही नाही. तुझ्यासारख्या बॅकएंडवाल्याला हे युनिट टेस्टसारखं वाटेल आणि तसंच ते आहे.

१७-१८ ऑक्टोबर. तेच नेटवर्क एमनिस्टवर चालव, हातानं लिहिलेले आकडे, ट्रेनिंगला ६०,००० आणि टेस्टला १०,००० चित्रं, लॅपटॉपवर आरामात चालतंय. ट्रेनिंग चालू करण्याआधी लॉस छाप. १० प्रकार आहेत आणि मॉडेलला अजून काहीच माहिती नाही, म्हणजे लॉस २.३ च्या आसपास यायला पाहिजे, कारण १० चा नॅचरल लॉग २.३०३. पहिलाच लॉस १५ आला तर वजनं सुरुवातीलाच मोठी घेतलीस. टेस्टवर ९५ टक्क्यांच्या वर गेलास की रविवारी लवकर उठायची गरज नाही, झोप. २० तारखेला दसरा आहे, सुट्टीत अभ्यास करायचा नाही हेही प्लॅनमध्येच आहे.

२४-२५ ऑक्टोबर. आता पायटॉर्च. तेच एमनिस्ट परत लिही, वीस-पंचवीस ओळीत होईल आणि मग तुला कळेल `loss.backward()` तुझ्यासाठी काय करायलाय. जीपीयू विकत घ्यायचा विचार डोक्यातनं काढ. गूगल कोलॅबवर फुकटचा चालतोय, फक्त तो मध्येच तोडतो म्हणून दर एपॉकला, म्हणजे सगळा डेटा एकदा फिरून झाला की, चेकपॉइंट ड्राइव्हवर सेव्ह कर. कॅगलवर पण आठवड्याला ठराविक तास जीपीयू मिळतोय, आणि तुझं काम आठवड्यात दोनच दिवस, म्हणजे तो कोटा तुला पुरून उरेल. लाईट गेली तरी ट्रेनिंग तिकडं चालू राहतं हा वेगळा फायदा, पण ब्राउझर फार वेळ बंद राहिला की कोलॅब सोडून देतो, तेव्हा मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेव.

३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबर. कन्व्होल्यूशन. ३×३ चा एक फिल्टर हातानं चित्रावर फिरव, कडा कशा दिसतात ते बघ, मग छोटं सीएनएन, म्हणजे असे फिल्टर स्वतःच शिकणारं नेटवर्क. २०१२ ला अ‍ॅलेक्सनेट आलं तिथनं हे सगळं पेटलं, आणि २०१५ च्या रेझनेटनं शॉर्टकट जोडून खोल नेटवर्क शिकवता येतं हे दाखवलं. एवढा इतिहास पुरे.

दिवाळीत लॅपटॉप बंद. मात्र तासगावला जाशीलच, तेव्हा मामांना विषय सांगून ठेव.

१४-१५ नोव्हेंबर. हा सगळ्यात महत्त्वाचा वीकेंड आणि यात कोड जवळजवळ नाहीच. तू म्हणालास नेटवर द्राक्षाच्या पानांचा डेटा तयार मिळतोय. मिळतो, प्लँटव्हिलेज, ५४ हजारांवर फोटो आहेत त्यात. पण द्राक्षाचे प्रकार उघडून बघ: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. दावण्या नाही, भुरी नाही! तासगावला ज्यासाठी माणूस रात्री झोपत नाही तेच त्यात नाही. वरनं ते फोटो तोडलेलं एक पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेत, आणि बागेत मागं दहा पानं, तारा, ऊन-सावली आणि फवारणीचे पांढरे डाग. तो डेटा घेऊन ९९ टक्के दाखवणारे भरपूर आहेत, मामांच्या बागेत ते मॉडेल पहिल्याच पानाला तोंडावर पडेल.

म्हणून फोटो स्वतः काढायचे. ऑक्टोबर छाटणीनंतर नवीन पालवी आलेली असेल आणि मध्ये पाऊस किंवा दव झालं की दावण्या हमखास. शनिवारी सकाळी लवकर जा. एकेका प्रकाराचे दीडशे तरी फोटो, वेगवेगळ्या उजेडात, दोन वेगळ्या मोबाईलनं. दावण्याला वरनं पिवळसर तेलकट डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी, तेव्हा पान उलटून पण फोटो घे. नावं मामा सांगतील, तू नाही. आणि एक कर, त्यातले तीस फोटो दुसऱ्या दिवशी परत मामांना दाखव, काल काय म्हणाले ते न सांगता. त्यांचं स्वतःचंच उत्तर पाच ठिकाणी बदललं तर मॉडेलकडनं शंभर टक्के मागायचा तुला हक्क नाही.

फोल्डरची नावं प्लॉटप्रमाणं ठेव. ट्रेन आणि टेस्ट वेगळं करताना फोटो पिसू नको, प्लॉट वेगळे कर. मी माझ्या हळदीच्या पानांच्या खेळात सगळे फोटो एकत्र करून विभागले, एकाच पानाचे तीन फोटो, दोन इकडं एक तिकडं, टेस्टला ९७ आले म्हणून ऑफिसात पेढे वाटायचं बाकी होतं. दुसऱ्या शेतातले फोटो दिले तर ६० च्या खाली.

२१-२२ नोव्हेंबर. रेझनेट-१८ घे, इमेजनेटच्या लाखो फोटोंवर आधीच शिकलेलं, त्याची वजनं गोठव आणि फक्त शेवटचा लेयर बदल:

```python
m = resnet18(weights="DEFAULT")
for p in m.parameters():
    p.requires_grad = False
m.fc = nn.Linear(512, 3)
```

आधी फक्त आठ फोटोंची एक बॅच घेऊन त्याच्यावर लॉस शून्याजवळ जातोय का बघ. जात नसेल तर बग आहे, जास्त डेटानं बरा होणार नाही. सुरुवातीचा लॉस इथं १.१ च्या आसपास पाहिजे, का ते तुझं तू काढ.

२८-२९ नोव्हेंबर आणि ५-६ डिसेंबर हे दोन्ही चुका शोधण्यासाठी. माझे जे दिवस वाया गेले ते सांगतो: टेस्टच्या आधी मॉडेलला शिकण्याच्या मोडमधनं बाहेर काढणारं `model.eval()` विसरलो, आणि ओपनसीव्हीनं फोटो वाचला तर रंग बीजीआर क्रमानं येतात, मॉडेलला आरजीबी लागतं, म्हणजे पिवळा डाग त्याला निळसर दिसायलाय आणि मी लर्निंग रेट, म्हणजे शिकताना वजन किती मोठ्या पावलानं हलवायचं तो आकडा, बदलत बसलोय. ऑगमेंटेशनमध्ये, म्हणजे तेच फोटो थोडे बदलून परत देताना, उलटंसुलटं फिरवणं चालेल, उजेड कमी-जास्त चालेल, पण रंगछटा हलवू नको, दावण्याची ओळखच पिवळ्या डागात आहे. कन्फ्यूजन मॅट्रिक्स, म्हणजे कुठल्या प्रकाराला मॉडेल काय म्हणालं त्याचा तक्ता, काढ आणि एकूण अ‍ॅक्युरसी विसर. खऱ्या दावण्याच्या पानांपैकी किती सापडली ते बघ, कारण निरोगी पानाला रोगट म्हटलं तर मामा वैतागतील, पण दावण्या निसटला तर घड जातील. गोठवलेल्यातला शेवटचा ब्लॉक मोकळा सोडून कमी लर्निंग रेटनं परत शिकव, फरक वहीत लिही.

१२-१३ आणि १९-२० डिसेंबर. आरएनएन वगैरे एक तासात वाचून सोडून दे. अटेन्शन, म्हणजे मजकुराच्या एका तुकड्यानं बाकीच्यांकडं किती लक्ष द्यायचं त्याचा हिशोब, मात्र हातानं लिही, २०१७ चा ट्रान्सफॉर्मर याच्यावरच उभा आहे आणि गाभा एवढाच:

```
softmax(Q @ K.T / sqrt(d)) @ V
```

वर्गमूळानं का भागायचं हे d मोठा घेऊन, न भागता चालवून बघ, सॉफ्टमॅक्स एकाच जागी चिकटतो. मग मराठी विकिपीडियाचा थोडा मजकूर घेऊन अक्षरानं अक्षर पुढचं ओळखणारं छोटं मॉडेल. इथं गंमत आहे, आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते पायथॉनला एक नसतं, `len("क्षि")` छापून बघ, ४ येईल. मॉडेल पहिल्यांदा काना-मात्रा भलतीकडंच टाकेल, मग हळूहळू शब्दासारखं काहीतरी. अर्थ येणार नाही, अपेक्षा ठेवू नको.

२६-२७ डिसेंबर मोकळा ठेवलाय, कारण मधला एक तरी वीकेंड लग्नात नाहीतर प्रॉडक्शनच्या रिलीजमध्ये जाणारच. गेला नसेल तर साधं वेबपेज कर, फोटो टाकला की उत्तर येईल असं, आणि मॉडेलची खात्री ७० टक्क्यांच्या खाली असेल तर "मामांना विचारा" असं छाप. मग त्या प्लॉटला जा जिथला एकही फोटो ट्रेनिंगमध्ये नाही. ५० पानं घे, मामांनी नाव सांगायच्या आधी मॉडेलचं उत्तर वहीत लिही आणि आकडा मला पाठव, ४० टक्के असला तरी पाठव.

३ तारखेला सकाळी पावणेसातला फोन करतो. उचल.