खातं

अर्धी हजेरी बुडवून नामदेव वाकडच्या बँकेत आला. आजवर पैसे गावी लोह्याला जायचे ते मुकादमाच्या हातून. हजारामागं पन्नास कापले जायचे, ते एक वेळ चाललं असतं. पण आपलेच पैसे मागायला सुनीताला मुकादमाच्या दारात ताटकळावं लागायचं, ते नामदेवला फार सलायचं.

पासबुकाच्या झेरॉक्सवर सिमेंटनं फुटलेलं बोट ठेवून त्यानं एकेक आकडा स्लिपवर उतरवला. अक्षरी रकमेपाशी पेन अडलं.

"मॅडम, साडेसहा हजार कसं लिहायचं?"

"सहा हजार पाचशे फक्त. आणि खाली सही, काका."

नोटा मशीनमधून फरफरल्या. शिक्का मारलेली अर्धी स्लिप हातात आली. झालं? एवढंच? बाहेर येऊन त्यानं घाईघाईनं फोन लावला.

"मेसेज आलाय," सुनीता म्हणाली. "पोरीनं वाचून दाखवला. एक रुपया कमी नाही."

"सगळे काढू नको हां. आधी वाण्याची उधारी दे, मग पोरीच्या वह्या..."

"ते मी बघते. खातं माझ्या नावावर आहे ना?"